कटलेले ३१० रुपये असतात तरी कुठे?

समजा, वाईहून महाबळेश्वरला निघालेली एसटी पसरणी घाट चढायला लागली आहे. एका प्रवाशाने घरच्या सगळ्यांची मिळून ३१० रुपयांची तिकिटं मागितली. कंडक्टरने तिकिटाच्या मशीनवर क्यूआर कोड दाखवला, प्रवाशाने तो स्कॅन करून पिन टाकला आणि लगेच बँकेचा मेसेज आला: खात्यातून ३१० रुपये वजा. मशीनवरचं चक्र मात्र फिरतच राहिलं आणि शेवटी ‘पेमेंट फेल’ दाखवून थांबलं. तिकीट काही निघालं नाही.

‘मास्तर, पैसे कटलेत की! हा बघा मेसेज.’

‘दादा, तुमचे कटले असतील, पण माझ्याकडे आलेच नाहीत. मशीन तिकीट देत नाही तर मी काय करणार? रोख द्या.’

दोघंही खरं बोलत आहेत. प्रवाशाच्या खात्यातून रक्कम गेली आहे आणि कंडक्टरच्या मशीनला ती मिळाल्याचं कळलेलं नाही. मेडिकल दुकानात, पेट्रोल पंपावर, मोबाइल रिचार्ज करताना किंवा परीक्षेची फी भरताना हा प्रसंग बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असतो. अशा वेळी ‘पैसे सर्व्हरमध्ये अडकले’ असं म्हणायची पद्धत आहे. पण सर्व्हरमध्ये पैसे ठेवायला जागाच नसते. ते ३१० रुपये प्रत्येक क्षणी कोणत्या ना कोणत्या बँकेच्या, कोणत्या ना कोणत्या खात्यात असतात. वाटेत अडकते ती त्यांची खबर. खबर कुठे अडकली हे कळलं की पैसे कुठे आहेत हेही कळतं आणि ते परत कोणाकडून मागायचे तेही.

यूपीआय चालवते ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय ही मुंबईची संस्था. २०१६मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेतून ऑगस्ट २०२५मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढी उलाढाल होत असली तरी ग्राहकांचे पैसे एनपीसीआयच्या खात्यात जमा होत नाहीत. तिच्याकडे असतो एक ‘स्विच’, म्हणजे या बँकेचा निरोप त्या बँकेला आणि त्या बँकेचं उत्तर या बँकेला पोचवणारी यंत्रणा.

फोनमधलं अ‍ॅपही खात्यातल्या व्यवहाराचे पैसे स्वतःकडे ठेवत नाही. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि त्या बँकेच्या आधाराने चालणारं फोनपे ठप्प झालं. लोकांचे पैसे त्यांच्या त्यांच्या बँकांत सुरक्षित होते, फक्त निरोप पाठवायची वाट बंद झाली होती. दुसऱ्या बँकेशी जोडणी होताच सेवा पूर्ववत होऊ लागली. तरीही पैसे अडकले की माणूस आधी अ‍ॅपवर चिडतो, कारण समोर दिसतं ते तेवढंच.

आता घाटातल्या त्या ३१० रुपयांमागे पावलापावलाने जाऊ. मशीनवरच्या क्यूआर कोडमध्ये तीन गोष्टी लपलेल्या असतात: पैसे कोणाच्या यूपीआय पत्त्यावर द्यायचे, किती द्यायचे आणि या तिकिटापुरता एक संदर्भ क्रमांक. दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेल्या कोडमध्ये रक्कम नसते, ती ग्राहक टाकतो. मशीनवरचा कोड मात्र दर वेळी नवा तयार होतो. त्यातल्या संदर्भ क्रमांकावरूनच मशीनला कळतं की आलेले पैसे नेमके कोणत्या तिकिटाचे.

प्रवाशाने पिन टाकला की तो फोनमध्येच सांकेतिक रूपात बंद होतो आणि अ‍ॅपच्या बँकेमार्फत, एनपीसीआयच्या स्विचमधून प्रवाशाच्या बँकेकडे जातो. स्विच त्या बँकेला सांगतो, ‘या खात्यातून ३१० रुपये वजा करा.’ बँक पिन तपासते, शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि ‘केले’ असं उत्तर देते. ते मिळाल्यावर स्विच पैसे घेणाऱ्याच्या बँकेला सांगतो, ‘या खात्यात ३१० रुपये जमा करा.’ तिकडूनही ‘केले’ आलं की स्विच दोन्ही बाजूंना व्यवहार यशस्वी झाल्याचं कळवतो. हे सगळं एरवी काही सेकंदांत उरकतं. प्रत्येक टप्प्यावर उत्तरासाठी थांबण्याची मुदत ठरलेली असते. पूर्वी वजा आणि जमा यांच्या उत्तरांसाठी ३० सेकंद दिले जात, जून २०२५पासून ही मुदत १५ सेकंदांवर आणली गेली.

इथे एक बारकावा आहे. प्रवाशाच्या खात्यातून ३१० रुपये वजा झाले त्या क्षणी ते एसटीच्या खात्याकडे निघालेले नसतात. बँकेच्या हिशेबात एकीकडे नावे पडली की दुसरीकडे जमा पडलीच पाहिजे, नाहीतर ताळा जुळत नाही. म्हणून प्रवाशाची बँक ती रक्कम स्वतःच्याच एका अंतर्गत खात्यात टाकते. यूपीआयपोटी इतर बँकांना द्यायचे पैसे या खात्यात गोळा होतात. बँकेत काम करणारे त्याला पूल खातं किंवा सेटलमेंट खातं म्हणतात. ग्राहकाला ते पासबुकात कुठेच दिसत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की आपल्याकडचे ३१० गेले.

मग एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे खरोखर जातात कधी? व्यवहारागणिक नाही. दिवसभरातले व्यवहार तुकड्यातुकड्यांनी एकत्र करून एनपीसीआय हिशेब काढते की या फेरीत अमुक बँकेने एकूण किती द्यायचे आणि तिला किती मिळायचे. दिवसाला अशा दहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत देणं आणि घेणं यांची वजाबाकी करून उरलेली रक्कमच बँकांच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमध्ये इकडून तिकडे होते. आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असल्याने रविवारी केलेल्या व्यवहाराचा हिशेबही सोमवारपर्यंत थांबत नाही. किराणा दुकानदाराच्या खात्यात ग्राहकाचे पैसे काही सेकंदांत दिसतात, कारण त्याची बँक पुढच्या फेरीत पैसे येणार या भरवशावर ते आधीच जमा दाखवते.

म्हणजे यूपीआयमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने धावतात. निरोप सेकंदांत जातात, बँकांमधला प्रत्यक्ष हिशेब काही तासांनी होतो. सगळे निरोप नीट पोचले तर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. एखादा निरोप हरवला की मात्र तोच ग्राहकाच्या वाट्याला येतो.

निरोप पहिल्यांदा हरवू शकतो तो ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेपाशी. बँकेने ३१० रुपये वजा केले, पण ‘केले’ हे उत्तर मुदतीत स्विचपर्यंत पोचलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला पगार आणि हप्ते एकदम आल्याने बँकेची यंत्रणा मंदावली असेल किंवा देखभालीचं काम चालू असेल. उत्तर न मिळाल्यामुळे स्विच पुढच्या बँकेकडे जमा करण्याचा निरोप पाठवतच नाही. तो व्यवहार फसल्याचं जाहीर करतो आणि ग्राहकाच्या बँकेला कळवतो, ‘वजा केले असतील तर परत घाला.’ याला रिव्हर्सल म्हणतात. हा निरोप वेळेवर पोचला तर दोन-चार मिनिटांत पैसे खात्यात परत दिसतात. तोही हरवला, तर बँकेला स्वतःच्या नोंदी आणि एनपीसीआयकडून आलेल्या फाइली ताडून पाहाव्या लागतात, मग चूक सापडते. या सगळ्या काळात ३१० रुपये ग्राहकाच्याच बँकेत, त्या अंतर्गत खात्यात पडून असतात. ते बँकेबाहेर पाऊलही टाकत नाहीत.

दुसरी जागा जास्त किचकट आहे. इथे ग्राहकाच्या बँकेने वजा केलं आणि तसं वेळेत कळवलंही. स्विचने घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगितलं आणि तिकडून काहीच उत्तर आलं नाही. आता स्विचला दोनपैकी काय घडलं हे कळायला मार्ग नाही. कदाचित त्या बँकेने जमा केलं असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल. कदाचित निरोपच पोचला नसेल. स्पष्ट नकार आला असता, उदाहरणार्थ खातं बंद आहे असं उत्तर, तर लगेच रिव्हर्सल पाठवता आलं असतं. पण मौनाच्या वेळी रिव्हर्सल पाठवलं आणि तिकडे पैसे जमा झालेले निघाले, तर तेच ३१० रुपये दोघांच्याही खात्यात दिसतील आणि भुर्दंड एका बँकेला बसेल. म्हणून अशा वेळी व्यवहार झाला असं गृहीत धरायचं, असा नियम आहे. त्याला ‘डीम्ड’ व्यवहार म्हणतात. ग्राहकाच्या अ‍ॅपवर तेव्हा ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ असं दिसत राहतं.

डीम्ड व्यवहाराची रक्कम पुढच्या हिशेबात घेणाऱ्याच्या बँकेकडे पोचती होते, पण दुकानदाराच्या खात्यात पडलेलीच असेल असं नाही. ती त्या बँकेच्या अंतर्गत खात्यात थांबलेली असू शकते. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या नोंदी तपासून एनपीसीआयच्या प्रणालीत दोनपैकी एक उत्तर भरायचं असतं: खात्यात जमा केले, किंवा जमा करता आले नाहीत, परत पाठवत आहोत. पहिल्याला त्यांच्या कामाच्या बोलीत टीसीसी म्हणतात, दुसऱ्याला आरईटी. ग्राहकाने आपल्या बँकेत कितीही चकरा मारल्या तरी हे उत्तर येईपर्यंत ती बँक काही करू शकत नाही, कारण पैसे तिच्याकडे राहिलेलेच नसतात. काउंटरवरचा माणूस ‘आमच्याकडून गेलेत’ म्हणतो तेव्हा तो टाळाटाळच करत असतो असं नाही. पण पैसे कुठे गेले आणि कोणाच्या उत्तराची वाट आहे, हे त्याने सांगायला हवं. बहुतेक वेळा ते सांगितलं जात नाही आणि माणसाचा जीव टांगणीला लागतो.

तिसरी जागा शेवटच्या टप्प्यातली, आणि घाटातल्या प्रसंगात शक्यता याचीच जास्त. दोन्ही बँकांनी आपापलं काम चोख केलं, स्विचने यश जाहीर केलं, रक्कम घेणाऱ्या संस्थेच्या खात्यात जमाही झाली. राहिलं एवढंच की ही खबर कंडक्टरच्या हातातल्या मशीनपर्यंत पोचायची होती आणि पसरणी घाटातल्या त्या वळणावर मशीनच्या सिमला रेंज नव्हती. मशीनने काही वेळ वाट पाहिली आणि व्यवहार सोडून दिला. दुकानातला साउंडबॉक्स मुका राहतो तो बऱ्याचदा याच कारणाने. त्याच्यात स्वतंत्र सिम असतं आणि ग्राहकाच्या फोनला रेंज असली तरी डब्याला असेलच असं नाही.

खबर आपणहून आली नाही तर मशीन किंवा अ‍ॅप स्वतः विचारू शकतं: ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ हे विचारणं उपयोगाचं आहे, पण त्याचा अतिरेक झाला तर काय होतं हे १२ एप्रिल २०२५ रोजी दिसलं. त्या शनिवारी देशभर यूपीआय अडखळलं. नंतरच्या तपासात प्रमुख कारण निघालं ते हेच: काही बँकांकडून जुन्या-नव्या व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या निरोपांचा पूर आला आणि त्या ओझ्याखाली खरे व्यवहार खोळंबले. त्यानंतर एनपीसीआयने असं विचारणं ठरावीक अंतराने आणि मोजक्या वेळाच करायचं, असा दंडक घातला. म्हणूनच ‘पेंडिंग’ दिसत असताना ‘चेक स्टेटस’चं बटण दर दोन सेकंदांनी दाबून उत्तर लवकर येत नाही.

ऑनलाइन खरेदीत हा शेवटचा टप्पा आणखी लांब असतो. ग्राहक आणि विक्रेता यांच्यामध्ये पेमेंट अ‍ॅग्रिगेटर नावाची कंपनी असते. ती शेकडो विक्रेत्यांच्या वतीने पैसे घेते आणि नंतर त्यांना देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिगर-बँक अ‍ॅग्रिगेटरला हे पैसे आपल्या धंद्याच्या पैशांत मिसळता येत नाहीत. ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. पानावर पाच मिनिटांचं घड्याळ चालू असतं, पैसे सहाव्या मिनिटाला पोचतात आणि तोवर ऑर्डर रद्द झालेली असते. बँकेला विचारलं तर ती म्हणते व्यवहार यशस्वी, विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणतो पेमेंट नाही. रक्कम असते त्या एस्क्रो खात्यात, मालक नसलेल्या ऑर्डरच्या नावाने. ती परत करणं हे अ‍ॅग्रिगेटर आणि विक्रेता यांचं काम आहे, आणि ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जायला हवी.

पैसे यांतल्या कोणत्या जागी आहेत हे ग्राहकाला बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यासाठी विक्रेत्याचा पडदा बाजूला ठेवून स्वतःच्या यूपीआय अ‍ॅपमधला तो व्यवहार उघडायचा आणि नंतर बँकेचं स्टेटमेंट बघायचं. अ‍ॅप ‘फेल’ म्हणतंय आणि स्टेटमेंटमध्ये वजा आहे पण परत आलेली नोंद नाही, तर बहुधा पैसे आपल्याच बँकेत आहेत. अ‍ॅप ‘पेंडिंग’ म्हणतंय तर घेणाऱ्याच्या बँकेच्या उत्तराची वाट आहे. अ‍ॅप ‘यशस्वी’ म्हणतंय आणि दुकानदार नाही म्हणतोय, तर पैसे त्याच्या खात्यात किंवा अ‍ॅग्रिगेटरच्या खात्यात पोचलेले आहेत, फक्त त्याला ते दिसलेले नाहीत.

या सगळ्यात हाती धरायचा दुवा म्हणजे बारा आकडी संदर्भ क्रमांक. अ‍ॅपमध्ये तो यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी, यूटीआर किंवा आरआरएन अशा वेगवेगळ्या नावांनी दिसतो. दोन्ही बँकांच्या आणि एनपीसीआयच्या नोंदींत हाच क्रमांक असतो. म्हणून दुकानदाराला स्क्रीनशॉट दाखवून वाद घालण्यापेक्षा हा क्रमांक त्याच्या व्यापारी अ‍ॅपमध्ये शोधायला सांगणं बरं. खोटे स्क्रीनशॉट दाखवून फसवणारे इतके झाले आहेत की दुकानदाराने चित्रावर विश्वास न ठेवणं योग्यच आहे. क्रमांक मात्र त्याच्या स्वतःच्या नोंदीत सापडला तर वादाला जागाच उरत नाही. परत आलेले पैसेही याच क्रमांकावरून ओळखावेत. रिव्हर्सलचा मेसेज दर वेळी येतोच असं नाही, आणि पैसे त्याच संध्याकाळी परत आलेले असताना माणूस आठवडाभर हळहळत राहतो.

पैसे कधीपर्यंत परत यायला हवेत, याचा नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात घालून दिला आणि तो त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून लागू झाला. एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून वजा झाले पण व्यापाऱ्याकडे खातरजमा पोचली नाही, तर मुदत पाच दिवसांची. मुदत उलटली की उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न बघता बँकेने आपणहून द्यायची आहे, असं परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे.

घाटातला प्रसंग शुक्रवारी १० तारखेला घडला असं धरू. व्यवहार व्यापारी प्रकारचा, म्हणून पैसे बुधवारी १५ तारखेपर्यंत परत यायला हवेत. ते १९ तारखेला आले तर १६, १७, १८ आणि १९ असे चार दिवस उशीर, म्हणजे ३१० रुपयांच्या जोडीला ४०० रुपये भरपाई. मूळ रकमेपेक्षा भरपाई जास्त होऊ शकते, आणि त्यात गैर काही नाही. दंड आहे तो उशिराचा. छोट्या रकमांकडे दुर्लक्ष होतं म्हणूनच तो रकमेच्या टक्केवारीत न ठेवता दिवसामागे ठेवलेला बरा.

दोन मुदतींमधला फरक भाजीच्या गाडीवर महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ छोटे विक्रेते आपल्या बचत खात्याचाच कोड पुठ्ठ्यावर लावतात. तसा व्यवहार यंत्रणेच्या लेखी व्यक्तीने व्यक्तीला दिलेला असतो, म्हणून तिथे मुदत एकाच दिवसाची. मात्र कुठल्याही परिस्थितीत हा नियम ग्राहकाच्या हातून न झालेल्या बिघाडापुरताच आहे. चुकीच्या माणसाला पाठवलेले पैसे हा फसलेला व्यवहार नव्हे. यंत्रणेने सांगितलं तेच केलेलं असतं, आणि त्याची वाट वेगळी आहे.

पुन्हा बसमध्ये जाऊ. तिकीट तर घ्यायचंच आहे. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करणं धोक्याचं, कारण नवा स्कॅन हा नवा व्यवहार असतो, त्याला नवा क्रमांक मिळतो आणि दोन्ही यशस्वी होऊ शकतात. शक्य असेल तर चार-पाच मिनिटं थांबून अ‍ॅपमधली स्थिती बघावी. थांबणं शक्य नसेल तर रोख देऊन तिकीट घ्यावं आणि ते जपून ठेवावं. ते तिकीट म्हणजे पैसे दुसऱ्या मार्गाने दिल्याचा पुरावा. यूपीआयच्या तक्रार व्यवस्थेत ‘दुसऱ्या मार्गाने पैसे दिले’ हे एक मान्य कारण आहे, आणि त्याला कागद जोडला तर काम सोपं होतं.

तक्रारीची पहिली पायरी अ‍ॅपमध्येच असते. व्यवहार उघडला की मदतीचा किंवा तक्रारीचा पर्याय दिसतो. तिथून केलेली तक्रार एनपीसीआयच्या प्रणालीतून संबंधित बँकेपर्यंत जाते आणि कारणाच्या यादीतून नेमकं कारण निवडलं तर योग्य टेबलावर पडते. ‘पैसे वजा झाले पण व्यापाऱ्याला खातरजमा नाही’ आणि ‘वस्तू मिळाली नाही’ ही वेगळी कारणं आहेत. चुकीचं निवडलं तर तक्रार फेटाळली जाऊन आठवडा वाया जातो. ग्राहकाची बँक समोरच्या बँकेवर जो दावा लावते त्याला चार्जबॅक म्हणतात. पूर्वी समोरच्या बँकेने पैसे परत पाठवलेले असतानाच इकडून दावाही लागायचा आणि गुंता वाढायचा. फेब्रुवारी २०२५पासून समोरच्या बँकेने भरलेल्या टीसीसी किंवा आरईटी या उत्तरानुसार दावा आपोआप स्वीकारला किंवा नाकारला जाऊ लागला आहे.

पैसे अडकल्यावर माणूस घाबरलेला असतो आणि नेमकी हीच वेळ ठग साधतात. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधला की त्यांचेच नंबर वर येऊ शकतात. समोरचा गोड बोलून एखादा कोड स्कॅन करायला सांगतो किंवा रिफंडसाठी पिन टाकायला लावतो. यूपीआयमध्ये पिन लागतो तो खात्यातून पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक बघण्यासाठी. परत येणाऱ्या पैशांसाठी पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही आणि फोनवर कोणाला पडदा दाखवावा लागत नाही. रिव्हर्सल खात्यात आपणहून पडतं. मदतीचा नंबर अ‍ॅपच्या आतून किंवा बँकेच्या पासबुकावरूनच घ्यावा.

अ‍ॅपमधून काम झालं नाही तर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. त्यात बारा आकडी क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि २०१९च्या परिपत्रकाचा उल्लेख असावा, आणि मुदत उलटली असेल तर दिवस मोजून भरपाईचा आकडाही लिहावा. आकडा लिहिलेला असला की ‘बघतो’ म्हणून वाटेला लावणं अवघड होतं. तक्रारीची पोच किंवा क्रमांक घेऊन ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार दाखल होते, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. बँकेला आधी विचारल्याचा पुरावा नसेल तर मात्र तिथली तक्रार दारातच थांबते, म्हणून ती पोच सांभाळायची.